डबल ऑर्डर आणि पहिल्या तीन ओळी

‘मॅडम, सहा वर्षं कोडिंग केलंय. आता प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय. पण लिंक्डइन प्रोफाइलच्या सारांशात लिहू काय? त्या पदावर मी एक दिवसही काम केलेलं नाही. लिहिलं तर खोटं वाटतं, नाही लिहिलं तर कुणी विचारतच नाही.’

हा मुलगा आला तो आषाढात. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझी छोटी खोली आहे, नोकरी शोधणाऱ्यांना प्रोफाइल लिहायला मी जिथे मदत करते, तिथे. पुण्याच्या एका कंपनीसाठी तो घरूनच काम करतो. औषधांच्या स्टॉकिस्टांचे सेल्समन मेडिकलच्या दुकानांतून ऑर्डरी घेतात, त्या ज्या अ‍ॅपवर घेतात, ते या कंपनीचं. लाइट गेली होती, त्यामुळे लिंक्डइनवरचं त्याचं प्रोफाइल आम्ही त्याच्या मोबाइलवरच पाहिलं, आणि ते बरंच झालं. मोबाइलवर सारांशाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला ‘आणखी पाहा’ दाबावं लागतं. त्याच्या त्या तीन ओळींत काय होतं? जिद्द, शिकण्याची आवड, आणि सहा तंत्रज्ञानांची नावं. वर हेडलाइनमध्ये ‘होतकरू प्रॉडक्ट मॅनेजर’.

‘होतकरू’ आधी काढायला लावलं. त्या शब्दातून वाचणाऱ्याला एवढंच कळतं की हे काम याने अजून केलेलं नाही. पण त्याच्या जागी नुसतं ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ही लिहू दिलं नाही. कंपन्या नेमणुकीआधी जुन्या नोकरीतलं पद अनुभवपत्राशी पडताळून पाहतात. तिथे ‘सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर’ निघालं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो. पद जे आहे तेच राहू द्यायचं, आणि त्या पदावर असताना केलेलं प्रॉडक्टचं काम बोलतं करायचं. हेडलाइनला २२० अक्षरांची जागा असते, तेवढ्यात दोन्ही बसतं.

प्रॉडक्ट मॅनेजरचं काम म्हणजे काय बनवायचं ते ठरवणं. म्हणून मी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला. काय बनवायचं किंवा काय नाही बनवायचं, हे तू ठरवलंस असं कधी झालंय का? तो नाही म्हणाला. बहुतेक इंजिनिअर आधी नाहीच म्हणतात, कारण ठरवणं हे त्यांच्या कामाच्या यादीत कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून प्रश्न फिरवला: हातातलं काम करताना, हे चुकीचंच बनवतोय, असं कधी वाटलं का? तेव्हा त्याने डबल ऑर्डरीची गोष्ट काढली. त्याच्या जुन्या सारांशात ती अशी होती: ‘ऑर्डर सेवेत पुनरावृत्ती रोखणारी यंत्रणा उभारली.’ एवढंच.

गोष्ट अशी. साखरप्याच्या पुढे आंबा घाटाकडे निघालं की रेंज जाते-येते. सेल्समन ऑर्डर पाठवतो, उत्तर येत नाही, अ‍ॅप तीच ऑर्डर पुन्हा पाठवतं, आणि स्टॉकिस्टाकडे एकाच दुकानाचा माल दोनदा निघतो. याच्याकडे काम आलं ते दुरुस्तीचं. प्रत्येक ऑर्डरला मोबाइलवरच एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक सर्व्हरवर दुसऱ्यांदा आला तर नाकारायचा. त्याने ते केलं, चाचणीत सगळं बरोबर आलं. तक्रारी मात्र थोड्याच कमी झाल्या.

इथे तो कोडमध्ये पुन्हा चूक शोधत बसला असता तर सांगण्यासारखं काही उरलं नसतं. त्याने सपोर्टकडून मागच्या दोन महिन्यांची तिकिटं, म्हणजे तक्रारींच्या नोंदी, मागवून घेतली आणि एकेक वाचली. उरलेल्या डबल ऑर्डरींचे क्रमांक वेगवेगळे होते. म्हणजे अ‍ॅप त्या पुन्हा पाठवत नव्हतं, माणूसच त्या नव्याने भरत होता. का, हे तिकिटांत नव्हतं. म्हणून एक दिवस रजा टाकून तो रत्नागिरीच्या एका स्टॉकिस्टाच्या सेल्समनमागे मोटारसायकलवर बसला आणि लांजा, राजापूर फिरून आला.

मी त्याला म्हटलं, काउंटरवर काय दिसलं तेवढंच सांग. त्याने सांगितलं: सेल्समन बटण दाबतो. पडद्यावर गोल फिरत राहतं. दुकानदार समोर उभा, गिऱ्हाइकं खोळंबलेली. ‘गेली काय रे?’ असं दुकानदार विचारतो. सेल्समनला माहीत नसतं. तो अ‍ॅप बंद करतो, उघडतो, सगळी ऑर्डर पुन्हा भरतो, आणि खात्री म्हणून खिशातल्या वहीतही लिहून ठेवतो.

ती वही ऐकली आणि मी लिहायचं थांबले. अ‍ॅप हातात असताना माणूस वही बाळगतो, म्हणजे त्याचा अ‍ॅपवर भरवसा नाही, आणि हे या मुलाने स्वतः पाहिलं होतं.

कंपनीत तेव्हा वेगळाच बेत चालला होता. रेंज नसतानाही अख्खं अ‍ॅप चालावं, शिल्लक मालाच्या आकड्यांसकट. त्याला तीन महिने लागणार होते. याने टीममध्ये मांडलं की सेल्समनला हवंय ते एवढंच: ऑर्डर मोबाइलवर लगेच जतन व्हावी, तिचा क्रमांक दिसावा, ‘रेंज आल्यावर जाईल’ असं लिहून यावं, आणि जायच्या राहिलेल्या ऑर्डरी एका यादीत दिसाव्यात. हे दोन आठवड्यांत झालं. तीन महिन्यांचा बेत मागे पडला. त्याची किंमतही होती. रेंज नसताना शिल्लक माल किती हे सेल्समनला आजही कळत नाही, आणि त्याची कुरकुर अजून येते. ही कुरकुर सारांशात नको, असं त्याला वाटत होतं. मी ती ठेवायला लावली. प्रॉडक्टच्या कामात एक घ्यायचं तर दुसरं सोडावं लागतं. काय सोडलं हे जो सांगू शकतो, त्याने खरंच निवड केली होती हे वाचणाऱ्याला कळतं.

आकड्यांवर मात्र आमची बराच वेळ घासाघीस झाली. त्याने लिहून आणलं होतं, ‘तक्रारी ८० टक्क्यांहून जास्त घटल्या.’ कशावरून, विचारलं. जुलैत ३८ आल्या होत्या, बदल ऑगस्टमध्ये झाला, आणि नोव्हेंबरात ७ आल्या. आता कोकणात राहणाऱ्याला हे सांगायला नको की जुलैतली रेंज आणि नोव्हेंबरातली रेंज एक नसते. पावसात लाइट जाते, टॉवर बंद पडतात. तक्रारी त्याच्या कामामुळे कमी झाल्या की पाऊस गेल्यामुळे, हे त्या तुलनेतून कळतच नव्हतं. मुलाखतीत कुणी हे विचारलं असतं तर आकडा तिथेच पडला असता, आणि त्याच्यासोबत गोष्टही.

त्याला कोरड्या महिन्यांचे आकडे काढायला सांगितलं, तेही ऑर्डरींच्या मानाने. दुसऱ्या भेटीत तो घेऊन आला. बदलाआधीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महिन्याला साधारण ४,००० ऑर्डरी आणि २६ तक्रारी, म्हणजे हजारामागे साडेसहा. बदलानंतरच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये साधारण ५,००० ऑर्डरी आणि ९ तक्रारी, म्हणजे हजारामागे दोनच्या आत. घट ७० टक्क्यांच्या आसपास. आकडा लहान झाला, पण आता तो कुणालाही समजावून सांगता येत होता.

मग लिहायला बसलो. प्रोफाइल इंग्रजीत आहे, त्याचा मजकूर मराठीत असा:

‘मेडिकलच्या काउंटरवर उभा असलेला सेल्समन अ‍ॅप असूनही वहीत ऑर्डर लिहून ठेवत होता. का, हे शोधायला मी एक दिवस त्याच्यासोबत फिरलो, आणि आमच्या टीमने तीन महिन्यांचं काम सोडून दोन आठवड्यांचं काम केलं.

मी औषधवितरणाच्या अ‍ॅपवर सहा वर्षं काम करणारा सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डबल ऑर्डरींची तांत्रिक दुरुस्ती केल्यावरही तक्रारी येत राहिल्या. तिकिटं वाचून आणि वापरणाऱ्यांना भेटून कळलं की ऑर्डर पोहोचली की नाही हे त्यांना दिसतच नव्हतं. ते दाखवणारा छोटा बदल मी सुचवला आणि बनवला. हजार ऑर्डरींमागच्या तक्रारी वर्षभराच्या अंतराने, त्याच महिन्यांत, सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्या. रेंज नसताना शिल्लक माल दाखवणं आम्ही जाणून मागे ठेवलं.

कमी रेंजच्या भागात, दुकानदार आणि वितरकांसाठी बनणाऱ्या प्रॉडक्टवर प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून काम शोधतो आहे.’

खाली एका ओळीत तंत्रज्ञानांची नावं, कारण भरती करणारे शब्द टाकून शोधतात आणि इंजिनिअरिंगचा पाया दिसणं त्याच्या फायद्याचंच आहे. सारांशाला २,६०० अक्षरांची मुभा असते. आम्ही निम्मीही वापरली नाहीत. खाली अनुभवाच्या नोंदीतही हीच गोष्ट, त्याच आकड्यांनी, दोन ओळींत घातली. सारांशात एक आणि नोंदीत दुसरं असेल तर वाचणारा नोंदीवरच विश्वास ठेवतो.

‘बनवला’ आणि ‘सुचवला’ या दोन क्रियापदांवरही आम्ही थांबलो. त्याला ‘ठरवला’ लिहायचं होतं. अंतिम निर्णय त्याच्या मॅनेजरचा होता, म्हणून ‘सुचवला’. बेत सोडला तोही ‘आमच्या टीमने’. शब्दांचं हे मोजमाप माझ्या मते फार महत्त्वाचं आहे, कारण वाचणाऱ्यांत त्याचे सहकारीही असतात.

वडिलांच्या हापूसच्या पेट्यांसाठी त्याने एक ऑर्डरीची शीट बनवली होती. तीही घालू का, असं विचारत होता. शीट चांगली होती. पण त्यात वापरणारा एक, म्हणजे वडील, आणि निवड करण्याजोगं काही आलं नव्हतं. ती बाहेर ठेवली.

राहिली एक गोष्ट: ऑर्डरींचे आकडे कंपनीचे. प्रोफाइलवर नुसती टक्केवारी होती, एकूण आकडे नव्हते, तरी मी त्याला आधी मॅनेजरला मजकूर दाखवायला सांगितला. तो कचरला. नोकरी शोधतोय हे उघड होईल, म्हणाला. त्याची भीती खोटी नव्हती. म्हणून शेवटचा परिच्छेद बाजूला ठेवून फक्त कामाचा परिच्छेद पाठवला, ‘हे प्रोफाइलवर घालू का?’ एवढंच विचारून.

मॅनेजरने टक्केवारी राहू दे म्हटलं. आणि खाली विचारलं, सेल्समनसोबत फिरून आलास हे मला कधी बोलला नाहीस? पुढच्या आठवड्यात एक्स्पायरीच्या परत येणाऱ्या मालाचं काम सुरू होत होतं. त्यात काय बनवायचं याचा पहिला मसुदा लिहायला त्याने यालाच सांगितलं. शेवटचा परिच्छेद सध्या प्रोफाइलवर नाही. चिपळूण आणि खेडच्या स्टॉकिस्टांना भेटून आल्यावर तो घालायचा की नाही, ते आम्ही पाहणार आहोत.