चिकटवहीतला मजकूर थरानुसार उतरवताना

प्रश्न: आजोबांच्या १९८२च्या गिरणी संपाच्या चिकटवहीत कात्रणं, टेप आणि हस्ताक्षर एकमेकांवर आलंय. टाइप करताना काय कुठलं, हे कसं दाखवू?

उत्तर: प्रत्येक थर वेगळ्या ओळीत उतरवा आणि आधी चौकटी कंसात खूण करा: [पान, शाई], [कात्रण १, छापील], [कात्रण १ वर, शाई]. क्रम कळतो तो कात्रणाच्या कडेवर. अक्षराची रेघ कड ओलांडून पानावर उतरली असेल, तर ते चिकटवल्यानंतर लिहिलंय; अक्षर कडेखाली अर्धं दडलं असेल, तर आधी. समजा, कात्रणाच्या समासात ‘१८ जानेवारी ८२’ आहे आणि त्यातलं ‘८२’ पानावर गेलंय. मग ती तारीख आजोबांनी नंतर घातलेली आहे. ती वर्तमानपत्राच्या अंकाचीच असेल असं धरू नका, संप सुरू झाल्याचीही तीच तारीख आहे. टेपमधून वाचता येतं ते [टेपखाली], येत नाही तिथे [झाकलेलं]. टेप मात्र सोलू नका, कागदाचा पापुद्रा अक्षरांसकट निघतो. शाई कडेला नुसती टेकून थांबली असेल, तर क्रम सांगता येत नाही. तिथे ‘क्रम अनिश्चित’ एवढंच लिहा.