गुड, व्हेरी, थिंग आणि नाईट ड्युटीचा हँडओव्हर

"मॅडम, माझ्या रायटिंगमध्ये सगळीकडे गुड, व्हेरी आणि थिंगच येतं. शब्दांच्या याद्या पाठ केल्या, वह्या भरल्या, तरी परीक्षेत हात त्याच शब्दांवर जातो. बँड सहाच्या वर सरकतच नाही. माझी व्होकॅबुलरीच कमी आहे का?"

नाही, बहुतेक वेळा कमी नसते. आयईएलटीएस या इंग्लिशच्या परीक्षेला बसणारी मुलं-मुली, त्यांचे आईवडील, कधी क्लासवाले सरसुद्धा मला हे विचारतात आणि प्रत्येकाच्या हातात तीच यादी असते, गुडच्या जागी काय, व्हेरीच्या जागी काय. म्हणून एका सिस्टरची गोष्ट सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सिस्टर सांगली-मिरजेकडची, मेडिकल वॉर्डला स्टाफ नर्स. यूकेत जायचं म्हणजे तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला आयईएलटीएसच्या अ‍ॅकॅडेमिक परीक्षेत लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. तिचं बाकी सगळं झालेलं, फक्त रायटिंग ६ वर अडकलेलं, आणि त्या अर्ध्या बँडपायी झोप उडालेली, घरात भांडणं, "माझ्या डोक्यातच काही नाही" इथपर्यंत गाडी आलेली. माझ्याकडे आली ती टेन्शनसाठी, पण टेन्शनचं मूळ कागदावर होतं म्हणून मी म्हटलं, आधी तो कागदच दाखव.

विषय होता, सरकारने रस्त्यांवर पैसे खर्च करावेत की सार्वजनिक वाहतुकीवर. तिने लिहिलेलं, "पब्लिक ट्रान्सपोर्ट इज अ व्हेरी गुड थिंग फॉर पीपल. इट हॅज मेनी गुड थिंग्ज. इट इज व्हेरी गुड फॉर एन्व्हायर्न्मेंट." आणि खाली त्याच परिच्छेदाची क्लासमधून सुधारून आणलेली आवृत्ती, "पब्लिक ट्रान्सपोर्ट इज अ‍ॅन एक्स्ट्रीमली एक्सलंट आस्पेक्ट फॉर ह्युमन बिइंग्ज. इट हॅज अ प्लेथोरा ऑफ फॅब्युलस फॅक्टर्स."

दुसरं वाक्य वाचून ती म्हणाली, "हे भारी वाटतं ना मॅडम?"

मी विचारलं, "पहिल्यापेक्षा यात जास्त काय कळलं तुला?"

ती बघत राहिली. काहीच जास्त कळत नव्हतं. आस्पेक्ट हा सूट घातलेला थिंगच, आत माणूस तोच. परीक्षकाला हे लगेच दिसतं, कारण रायटिंगच्या चार निकषांपैकी एक शब्दसंपत्तीचा असतो, चौथा हिस्सा मार्क त्याचे, आणि सहाच्या बँडचं वर्णन थोडक्यात असं की वेगळे शब्द वापरायचा प्रयत्न दिसतो पण त्यातले काही चुकीच्या जागी बसतात. सातला काय हवं? शब्दांत थोडी लवचिकता आणि नेमकेपणा, आणि कुठला शब्द कुठल्या शब्दाशेजारी बसतो याची जाण. कमी वापरातले काही शब्दही हवे असतात, पण नेमक्या जागी बसलेले, नुसते अवघड शब्द पुरत नाहीत! ती यादी पाठ करून करून सिस्टर नेमकी सहाच्या वर्णनात जाऊन बसत होती.

आता मूळ जागा. मी विचारलं, हे वाक्य लिहिताना डोक्यात आधी काय आलं? म्हणाली, "मराठीतच आलं, ही खूप चांगली गोष्ट आहे, मग मी ते इंग्लिश केलं." बरोबर. खूप, चांगली, गोष्ट. म्हणजे धुकं आधी मराठीत होतं. मराठीत 'सहल खूप छान झाली, खूप गोष्टी बघितल्या' असं लिहिणाऱ्या दहावीच्या मुलांच्या निबंधाचंही हेच दुखणं असतं.

पुढच्या भेटीत मी इंग्लिश बाजूलाच ठेवलं. म्हटलं, "नाईट संपली की सकाळच्या सिस्टरला हँडओव्हर देतेस ना, बेड सातचा दे बरं मला."

तिने एका दमात दिला. "बेड सात, आजोबा, न्यूमोनिया, रात्री दोनला ताप १०२, पॅरासिटामॉल दिलं, चारला ९९.८, दोन लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९४, खोकला ओला, कफ पिवळट, सकाळचं अँटिबायोटिक द्यायचंय, मुलगा नऊला येणारे."

"यात 'आजोबा खूप आजारी आहेत' कुठंय?"

हसली. "असं कोण सांगेल मॅडम? खूप आजारी म्हटलं तर तिला काय कळणार? काय करायचं ते कसं कळणार?"

मी काही बोलले नाही. तीच थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे परीक्षकालापण माझं काहीच कळत नाहीये."

मला या क्षणाबद्दल लिहायचंच होतं. इतक्या वर्षांत मी जे थोडंफार शिकले त्यातलं हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, की माणसाला जे येत नाही असं तो सांगतो ते त्याच्याकडे बऱ्याचदा आयुष्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात आधीच असतं, आपण फक्त तिथून इथपर्यंत वाट काढून द्यायची. ही मुलगी रोज रात्री नेमकं बोलत होती. वॉर्डात तिला माहीत असतं की ऐकणारीला यावर काम करायचंय, म्हणून ती आधी बघते आणि मग बोलते. निबंधात मात्र ती बघतच नव्हती, सरळ शब्द शोधत होती. लेव्ह व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाची मांडणी मी फार मानते, की विचार आधी पूर्ण होतो आणि मग शब्दांचे कपडे घालतो असं नसतं, तो शब्दात येता येता पूर्ण होतो. म्हणून माझ्या मते गुड, व्हेरी, थिंग ही विचार अर्धवट राहिल्याच्या जागेची खूण आहे. ती खूण पुसून तिथे महागडा शब्द ठेवला तरी विचार अर्धाच राहतो.

मग आम्ही तेच वाक्य हँडओव्हरसारखं घेतलं, मराठीतच.

"थिंग म्हणजे कुठली गोष्ट? डोळ्याला दिसेल असं सांग."
"बस. एसटी. लोकल."
"गुड कुणाला?"
"सगळ्यांना."
"सगळ्यांना म्हणजे कुणालाच नाही. एक माणूस सांग."
"आमच्या वॉर्डातल्या मावशी. सात वाजता ड्युटी, गाडी परवडत नाही, बस नसेल तर रिक्षात पगार जाईल."
"आणि एन्व्हायर्न्मेंटला व्हेरी गुड म्हणजे नेमकं काय होतं?"
"बसमध्ये पन्नास माणसं बसली तर त्यांच्या तेवढ्या गाड्या रस्त्यावर येत नाहीत. धूर कमी."

हे सगळं बोलून झाल्यावर म्हटलं, आता इंग्लिशमध्ये लिही. तिने लिहिलं, "बसेस अँड ट्रेन्स गिव्ह लो-पेड वर्कर्स अ‍ॅन अफोर्डेबल वे टु रीच देअर जॉब्ज. दे ऑल्सो कीप प्रायव्हेट कार्स ऑफ द रोड, विच रिड्यूसेस एक्झॉस्ट फ्यूम्स." यातला एकही शब्द तिने नवीन पाठ केला नव्हता. लो-पेड, अफोर्डेबल, फ्यूम्स, सगळे माहीत होते, पण गुडने वाट अडवल्यामुळे त्यांची कधी गरजच पडली नव्हती. कागदाकडे बघत ती बराच वेळ बसून होती, आणि खरं सांगते, मलाही खूप समाधान वाटलं.

तर तुम्हाला सांगायचं ते हे. थिंग आला की विचारा 'कोणती', आणि उत्तर नाम असायला हवं, म्हणजे पॉलिसी, हॅबिट, एक्स्पेन्स, स्किल असं काहीतरी. गुड आला की विचारा 'कुणाला आणि कशात', उत्तर पैशात असेल तर अफोर्डेबल किंवा प्रॉफिटेबल, शरीरात असेल तर हेल्दी, वेळेत असेल तर क्विक किंवा एफिशिअंट. गुडला ठरलेला एकच पर्याय कधीच नसतो, म्हणून यादी फसते.

व्हेरीचं थोडं वेगळं आहे. आधी तो नुसता खोडून वाक्य वाचा, बऱ्याचदा काहीच बिघडत नाही. बिघडलंच तर दोघांचा मिळून एक शब्द आहे का बघा, व्हेरी टायर्डचा एक्झॉस्टेड, व्हेरी क्राउडेडचा पॅक्ड, व्हेरी इम्पॉर्टंटचा एसेन्शियल. आणि तोही नसेल तर पुरावा द्या, बस व्हेरी स्लो आहे म्हणण्यापेक्षा गर्दीच्या वेळी चालणाऱ्या माणसापेक्षा जेमतेम पुढे जाते असं लिहा. इथे आपल्याकडची एक ठरलेली चूक सांगते, 'अत्यंत आवश्यक' डोक्यात असतं म्हणून मुलं 'व्हेरी एसेन्शियल' लिहितात. एसेन्शियल, एक्झॉस्टेड असे शब्द आधीच टोकाचे असतात, त्यांच्याआधी व्हेरी लागत नाही.

दुसरी चूक शेजाराची. जोराचा पाऊस म्हणून 'स्ट्राँग रेन' लिहिलं जातं, इंग्लिशमध्ये पाऊस आणि ट्रॅफिक दोन्ही हेवी असतात. शब्द नवीन असेल तर इंग्लिश शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनरीत त्याची उदाहरणाची वाक्यं वाचा, नुसता अर्थ वाचू नका. आणि तो शब्द कुठल्या नामाबरोबर आलाय ती जोडीच वहीत लिहा. सिस्टरने तिच्या जुन्या वह्या बंद करून एवढंच केलं, दिवसाला दोनतीन जोड्या, आणि रोज एक हँडओव्हर वॉर्डाबाहेरच्या विषयावर, शाळेचा गणवेश, प्लास्टिक बंदी, काहीही.

परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र हे सगळं करत बसू नका. टास्क टू ला, म्हणजे निबंधाला, साधारण चाळीस मिनिटं मिळतात, किमान २५० शब्द लिहायचे असतात. लिहिताना गुड आला तर येऊ दे, थांबू नका. शेवटची चारपाच मिनिटं राखून ठेवा आणि फक्त ते तीन शब्द शोधा. त्यातही परिच्छेदाचं पहिलं वाक्य आणि मुख्य कारण, या दोन जागा आधी सुधारा, कारण तिथेच तुमचा मुद्दा ठरतो. 'गुड हेल्थ', 'अ गुड रिझन' अशा ठिकाणी गुड बरोबरच आहे, त्याला हात लावू नका. सिस्टर सुरुवातीला तेही खोडायला लागली होती. आणि स्पेलिंगची खात्री नसलेला शब्द टाळलेला बरा, कारण स्पेलिंगच्या चुका शब्दसंपत्तीच्याच निकषात धरतात.

हेही सांगून ठेवते, शब्द सुधारले म्हणून प्रश्नाचं अर्धवट उत्तर पूर्ण होत नाही. बाकीचे तीन निकष आहेतच, मुद्दा, मांडणी आणि व्याकरण. सिस्टरचा मुद्दाही सुधारला तो कुणाला आणि कशात विचारायची सवय लागली म्हणून, तिला पुढच्या परीक्षेत ६.५ मिळाले आणि मला वाटतं त्यात शब्दांइतकाच त्या सवयीचा वाटा आहे.

आणि अगदी हॉलमध्ये नेमका शब्द आठवलाच नाही तर? तर विशेषण शोधत बसू नका, साधं सरळ लांब लिहा. अफोर्डेबल आठवत नाही? "पीपल हू कॅनॉट बाय अ कार कॅन स्टिल पे फॉर अ बस टिकिट." चार शब्द जास्त गेले तर जाऊ देत, परीक्षकाला काय ते कळलं.