'निवड का झाली नाही?' याऐवजी काय विचारावं?

"तिसऱ्यांदा शेवटच्या फेरीतून नकार आलाय. आधी दोन्ही वेळा कारण विचारायला मेल केला, पण उत्तरच आलं नाही. कुठे चुकतंय तेच कळत नसेल तर सुधारू काय?"

खरेदी विभागात सहा वर्षं काम केलेल्या एक बाई नोकरीच्या मुलाखतींबद्दल हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) त्यांचा आधीचा मेल मी वाचायला मागितला. "पुरेसा अनुभव असूनही माझी निवड का झाली नाही, हे कृपया कळवावे." भाषा नम्रच होती, पण वाचणाऱ्याला हा खुलासा मागितल्यासारखा वाटतो. निर्णयाचं कारण लेखी दिलं की त्यावरून वाद होईल, तक्रार होईल, अशी धास्ती एचआरला असते. मग गप्प राहणं त्यांना सोपं जातं.

तिसरा नकार आदल्याच दिवशी आला होता, ही जमेची बाजू. मुलाखत घेणाऱ्यांना उमेदवार अजून आठवत असतो, त्यांची टिपणंही हाताशी असतात. आम्ही मिळून नवा मेल लिहिला:

"निर्णय कळवल्याबद्दल आभार. निर्णयाबद्दल माझी काही तक्रार नाही. पुढच्या मुलाखतीच्या तयारीसाठी एकच विचारायचं आहे. माझ्या उत्तरांमध्ये कोणती एक गोष्ट अधिक ठोस असायला हवी होती? दोन ओळींत कळवलंत किंवा पाच मिनिटं फोनवर बोललात, तरी मदत होईल."

यात मागच्या निर्णयाचा हिशेब मागितलेला नाही आणि उत्तर द्यायला फार वेळही लागत नाही. मेल मुलाखतीची वेळ ठरवणाऱ्या एचआरच्या व्यक्तीला पाठवला आणि विभागप्रमुखांपर्यंत प्रश्न पोहोचवण्याची विनंती केली. आठवड्यानं एकदा आठवण करायची आणि तरी उत्तर आलं नाही तर तिथेच थांबायचं, असं ठरवलं.

चौथ्या दिवशी विभागप्रमुखांचाच फोन आला. फोनवर काय करायचं हे आधी बोलून ठेवलं होतं: ऐकायचं, त्यांचेच शब्द उतरवून घ्यायचे, स्वतःची बाजू अजिबात मांडायची नाही. "पण मी ते सांगितलं होतं" एवढं एक वाक्य तोंडून गेलं, तरी समोरचा माणूस आवरतं घेतो. विचारायचंच तर एवढंच, की "याचं एखादं उदाहरण आठवतंय का?" बाईंनी तसंच केलं. उत्तर मिळालं, "अनुभव चांगला आहे, पण दर कमी केल्याचा प्रसंग तुम्ही सांगितलात, त्यात तुमचा स्वतःचा वाटा किती ते कळलं नाही."

पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, "माझ्यात आत्मविश्वासच नाही, असं त्यांचं म्हणणं आहे." मला इथे सर्वात जास्त थांबावं लागतं. शेरा एका उत्तराबद्दल होता, त्यांनी तो स्वभावावर घेतला. स्वभाव पुढच्या मुलाखतीपर्यंत बदलत नाही, उत्तर बदलता येतं. मुलाखतीतले आठवतील ते प्रश्न आणि आपली उत्तरं त्यांच्याकडून लिहून घेतली. (हे खरं तर त्याच संध्याकाळी लिहावं, नंतर आपण नकळत उत्तरं सुधारून आठवतो.) सात उत्तरं आठवली. त्यातल्या पाचांत सगळी क्रियापदं 'आम्ही'ची होती.

मूळ उत्तर होतं, "आम्ही पुरवठादारांशी बोललो आणि खर्च बराच कमी केला." खोदून विचारल्यावर हे निघालं: "तिन्ही पुरवठादारांचे दर मी एका तक्त्यात मांडले. एकाचा दर कमी दिसत होता, पण वाहतूक धरली की तोच सर्वात महाग पडत होता. हे मी वरिष्ठांना दाखवलं. वाटाघाटी त्यांनी केल्या, आकडे मी पुरवले. खर्च आठ टक्के कमी झाला, आधीच्या वर्षाच्या बिलांशी ताडून पाहिलेला आकडा आहे."

वाटाघाटींचं श्रेय वरिष्ठांकडेच ठेवलं आहे. सरसकट 'आम्ही'चं 'मी' केलं, तर पुढच्याच प्रश्नाला पितळ उघडं पडतं. असे चार प्रसंग त्यांनी तयार केले आणि प्रत्येक दोन मिनिटांत बसवून फोनवर ध्वनिमुद्रित केला. परिस्थिती दोन वाक्यांत आणि निम्म्याहून जास्त वेळ स्वतः काय केलं यावर, एवढाच नियम.

एकाच माणसाच्या शेऱ्यावरून एरवी मी एवढे बदल सुचवत नाही. तोच मुद्दा दुसरीकडूनही येईपर्यंत थांबावं. इथे बाईंनी लिहून काढलेल्या उत्तरांतच पुरावा होता. शिवाय कधी जागा आतल्याच माणसाला जाते, कधी पदच रद्द होतं. तेव्हा उत्तरांत सुधारण्यासारखं काही नसतं.

पुढच्या मुलाखतीतही त्यांची निवड झाली नाही. पण या वेळी उत्तर वेगळं होतं: "कामाची समज उत्तम, पण आमच्याकडची संगणकप्रणाली आधी वापरलेला उमेदवार हवा होता." म्हणजे उत्तरांची अडचण सुटली आणि आता प्रश्न एका कौशल्याचा होता. सध्या त्या ज्या जाहिरातींना अर्ज करणार आहेत, त्यांतल्या किती जणांना ती प्रणाली हवी आहे हे मोजताहेत. ती शिकायची की नाही, ते त्यावर ठरेल.