कोणी न पाहिलेले झाड

सप्रेम आशीर्वाद.

तुझा निबंध दोनदा वाचला. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेतली नव्हती, दुसऱ्या वाचनात घेतली, आणि तिसऱ्या पानावर ती सर्वांत जास्त चालली. त्या पानाविषयी सविस्तर लिहितो, बाकीचे तुझे तुला सुधारता येईल.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. निर्जन अरण्यात झाड कोसळले आणि ऐकायला कोणीच नसले तर आवाज होतो का, हा प्रश्न तू तत्त्वज्ञ जॉर्ज बर्क्लीच्या नावावर घातला आहेस. त्याच्या ग्रंथांत तो नाही. आवाजाविषयी त्याने लिहिले आहे ते १७१३ च्या ‘तीन संवादां’पैकी पहिल्यात. तिथे हायलस म्हणतो की खरा आवाज म्हणजे हवेतील कंपन, आणि आपल्याला ऐकू येते ते निव्वळ संवेदन. त्यावर बर्क्लीची बाजू मांडणारा फिलोनस त्याला अडवतो: मग खरे आवाज कधीच ऐकू येत नाहीत, फार तर ते दिसू शकतील किंवा स्पर्शाने कळतील, असे तुला म्हणावे लागेल. कोसळणाऱ्या झाडाचे कोडे पुष्कळसे या शब्दभेदातच विरघळते. आवाज म्हणजे कंपन म्हटले तर उत्तर एक, ऐकू येणे म्हटले तर दुसरे. खरे कोडे उभ्या झाडाचे आहे, आणि ते बर्क्लीने स्वतःच मांडले आहे.

१७१० च्या ‘मानवी ज्ञानाची तत्त्वे’ या ग्रंथात तो सफरचंदापासून सुरुवात करतो. विशिष्ट रंग, चव, वास, आकार आणि घट्टपणा नेहमी एकत्र आढळतात, म्हणून त्या समुच्चयाला आपण एक नाव देतो. यातला प्रत्येक घटक हा कोणाला तरी येणारा प्रत्यय आहे, आणि प्रत्यय हा तो घेणाऱ्या मनावाचून राहू शकत नाही. म्हणून अशा वस्तूंच्या बाबतीत असणे म्हणजे प्रतीत होणे. ‘अशा वस्तूंच्या बाबतीत’ हे शब्द तू गाळले आहेस, आणि त्यामुळे मोठा घोटाळा झाला आहे. मन स्वतः प्रतीत होत नाही, ते प्रतीती घेते, आणि त्याचे असणे त्यातच आहे. हे सूत्र सरसकट सगळ्याला लावले, तर पाहणारालाही पाहणारा लागेल आणि ती साखळी कधीच संपणार नाही.

आता तिसरे पान. ग्रंथाच्या तेविसाव्या कलमात बर्क्ली वाचकाच्या तोंडी आक्षेप घालतो: उद्यानात झाडे आहेत आणि ती पाहायला आसपास कोणी नाही, अशी कल्पना करणे किती सोपे आहे! त्याचे उत्तर असे की, ही कल्पना करताना तू स्वतःच त्या झाडांचा विचार करत असतोस, तेव्हा कोणाच्याच मनात नसलेले झाड तुझ्या हाती लागलेलेच नाही. आदल्या कलमात तर त्याने सगळा वाद या एकाच मुद्द्यावर पणाला लावण्याची तयारी दाखवली आहे. तू या युक्तिवादाला ‘अभेद्य’ म्हटले आहेस. त्या शब्दाभोवती मी पेन्सिलीने वर्तुळ काढले आहे.

एक उदाहरण घेऊन पाहा. पन्नास अंकी संख्या इतक्या आहेत की त्यांतल्या बहुसंख्य आजवर कोणी लिहिल्या नाहीत, उच्चारल्या नाहीत, मनातही आणल्या नाहीत. अशी एखादी संख्या मला दाखव, असे मी म्हटले तर तुला दाखवता येणार नाही, कारण दाखवताक्षणीच ती ‘कोणी न लिहिलेली’ राहणार नाही. पण म्हणून तशा संख्याच नाहीत, असे तू म्हणशील का? नमुना दाखवता येत नाही, एवढेच सिद्ध झाले. ‘कोणी विचारात न घेतलेली झाडे आहेत’ हे विधान मी करतो तेव्हा माझ्या मनात एक सर्वसाधारण विचार असतो, त्या विधानात मोडणारे प्रत्येक झाड नसते. झाडाचा विचार माझ्या मनात आहे, यावरून झाड माझ्या मनात आहे असे निघत नाही. बर्ट्रांड रसेलने बर्क्लीवर ठेवलेला आक्षेप याच जातीचा आहे: जाणण्याची क्रिया आणि जाणली जाणारी गोष्ट यांची सरमिसळ.

चित्र डोळ्यांपुढे आणण्याच्या बाबतीत बर्क्लीचे म्हणणे थोडे अधिक टिकते, हे मान्य करायला हवे. मी झाड मनात पाहतो ते कोणत्या तरी बाजूने आणि कोणत्या तरी अंतरावरून पाहतो. जणू मी तिथे उभाच आहे. तरीसुद्धा कथाकाराने ‘त्या रात्री रानात चिटपाखरूही नव्हते आणि एक फांदी मोडली’ असे लिहिले, तर आपण वाचक त्या रानातले एक पात्र होत नाही. कथेत फांदी कोणी पाहिली, याचे उत्तर ‘कोणीच नाही’ हेच राहते.

मात्र हा युक्तिवाद पडला म्हणजे बर्क्ली पडला, असेही समजू नकोस. त्याची खरी बैठक सफरचंदाच्या विश्लेषणात आहे, आणि प्रत्ययासारखा असू शकतो तो फक्त दुसरा प्रत्ययच, या आठव्या कलमातील विधानात आहे. न दिसणारी गोष्ट रंगासारखी कशी असेल, हा त्याचा प्रश्न आजही टोचतो. झाडाचे कोडे या बैठकीवर उभे केले की मग ते खरोखर अवघड होते.

माझ्या टेबलावर कापलेल्या खोडाची एक चकती आहे. सालीकडून आत मोजत गेले की बारावे वर्तुळ इतके बारीक आहे की शेजारच्या दोन वर्तुळांत ते दडपून जाते. नखाने चाचपल्याशिवाय ते वेगळे कळत नाही. याचा अर्थ मी असा लावतो की, हे झाड तोडले त्याच्या बारा वर्षे आधी त्याच्या वाट्याला पाणी फार कमी आले. आता समजू की त्या हंगामात त्या झाडाकडे कोणीही फिरकले नाही. मग ‘त्या वर्षी झाडाची पाने सुकली होती’ या वाक्याला खरे ठरवणारे काय आहे?

बर्क्लीजवळ या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. ती एकमेकांत मिसळू देऊ नकोस, तुझ्या निबंधात ती एकाच परिच्छेदात मिसळली आहेत. तिसऱ्याच कलमात तो म्हणतो की, मी ज्या मेजावर लिहितो आहे ते मी खोलीबाहेर असतानाही आहे, म्हणजे एक तर मी खोलीत असतो तर ते मला दिसले असते, किंवा दुसरे एखादे मन ते प्रत्यक्ष पाहत आहे. या ‘किंवा’ला मी माझ्या प्रतीत लाल शाईने खूण केली आहे. ‘दिसले असते’ आणि ‘दिसते आहे’ हे दोन पूर्ण वेगळे दावे आहेत.

पहिले उत्तर घेतले तर सुकलेल्या पानांचा अर्थ होतो: कोणी तिथे गेला असता तर त्याला पाने सुकलेली दिसली असती. हा मार्ग दिसतो तितका लबाडीचा नाही. पृथ्वी फिरते का, याविषयी अठ्ठावन्नाव्या कलमात बर्क्ली अशाच रीतीने बोलतो: विशिष्ट जागी आणि विशिष्ट अंतरावर आपण असतो, तर ती इतर ग्रहांमध्ये फिरताना आपल्याला दिसली असती. त्या काळी तशा जागी कोणी जाणार नव्हते, हे वेगळे सांगायला नको. चकतीवरचे बारीक वर्तुळही त्याच्या मते सुकण्याचा परिणाम ठरत नाही, ती एक खूण ठरते. पासष्टाव्या कलमात तो आगीविषयी असेच म्हणतो: दिसणारी आग ही जवळ गेल्यावर होणाऱ्या वेदनेचे कारण नसते, ती आधीच इशारा देणारी खूण असते. खुणांची ही व्यवस्था नियमित आहे म्हणून वर्तुळावरून दुष्काळ वाचता येतो. पण इथे किंमत मोजावी लागते. ‘असणे म्हणजे प्रतीत होणे’ याचे ‘असणे म्हणजे प्रतीत होण्याजोगे असणे’ होऊन बसते, आणि ते ‘जोगे असणे’ कशावर उभे आहे, हे सांगावे लागते. जॉन स्टुअर्ट मिलने १८६५ मध्ये जडवस्तूंना ‘संवेदनांच्या कायम शक्यता’ म्हटले, तो हाच रस्ता शेवटपर्यंत चालून गेला.

दुसरे उत्तर लोकांना माहीत असते: ईश्वर पाहत होता. तू ते बर्क्लीची पळवाट म्हणून दिले आहेस, ते योग्य नाही. झाड वाचवण्यासाठी त्याने ईश्वराला ओढून आणलेले नाही. डोळे उघडल्यावर काय दिसावे हे माझ्या इच्छेवर नाही, म्हणून ते दुसऱ्या कोणाच्या इच्छेवर असले पाहिजे, असा त्याचा स्वतंत्र युक्तिवाद आहे. कच्चा दुवा नेमका पुढे येतो. माझ्या मनात प्रत्यय निर्माण करणारा कोणी आहे, एवढ्यावरून मी पाहत नसताना तो झाडाकडे पाहत असतो हे सिद्ध होत नाही. शिवाय त्याचे पाहणे कसले? तिसऱ्या संवादात बर्क्ली कबूल करतो की ईश्वराला इंद्रिये नाहीत, वेदना म्हणजे काय हे तो जाणतो पण सोसत नाही. मग सुकलेल्या पानाचा पिवळटपणा, जो डोळ्यांवाचून मला कधी कळलाच नाही, तो त्याच्या मनात कोणत्या रूपाने असतो? तो माझ्या प्रत्ययाहून वेगळा असेल तर माझे झाड आणि त्याच्या मनातले झाड एकच कसे? तुझ्या निबंधाला जर कुठे थांबून खोल जायचे असेल, तर ते इथे.

जाता जाता एक गोष्ट. तू बर्क्लीला आपल्याकडच्या दृष्टिसृष्टिवादाच्या शेजारी बसवले आहेस. मोह मला कळतो, मीही तुझ्या वयात ते केले होते. पण दृष्टी आहे तोवरच सृष्टी, असे तो वाद म्हणतो, आणि बर्क्ली नेमका तोच निष्कर्ष नाकारतो. पंचेचाळिसाव्या कलमात तो आक्षेप मांडतो की, डोळे मिटले की बागेतली झाडे नष्ट आणि उघडले की नव्याने उत्पन्न, असे होईल. अठ्ठेचाळिसाव्यात तो सांगतो की असे काही निष्पन्न होत नाही, कारण आपण पाहत नसताना दुसरे मन पाहत असू शकते. ‘असू शकते’ असे तो म्हणतो, ‘असते’ असे त्या जागी म्हणत नाही. ती तुलना ठेवायची असेल तर फरक दाखवण्यासाठी ठेव.

पुढचा खर्डा पाठवताना बाराव्या वर्तुळाचा प्रश्न दोन्ही उत्तरांनी वेगवेगळा सोडवून पाठव, आणि दुसऱ्या उत्तरात ‘तेच झाड’ हे शब्द जिथे जिथे येतील तिथे खाली रेघ ओढ. किती रेघा होतात ते मला पाहायचे आहे.