‘असले तरी’ आधी खोड

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट काल मिळालं. तुझ्या विद्यार्थिनीला पुढच्या शिक्षणासाठी द्यायच्या शिफारसपत्राचा मसुदा दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना चिडलो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना तुला धक्का बसायला नको.

तू लिहिलंस: ‘ही अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू व होतकरू विद्यार्थिनी आहे. तिला गुण कमी असले तरी तिच्यात जिद्द आहे. घरची परिस्थिती हलाखीची असूनही ती शिक्षण घेत आहे. तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.’

यातलं नाव बदलून बघ. तुझ्या वर्गातल्या कुठल्याही पोरीचं टाक, पत्र तसंच उभं राहतं. नाव बदलून चालतं ते शिफारसपत्र नसतं, तो दाखला असतो. आपल्या कॉलेजच्या ऑफिसात चारित्र्याचा छापील दाखला मिळतो ना, माझ्या माहितीप्रमाणे वर्तणूक चांगली, खाली शिक्का, तसला. आणि आपल्या भागात शिफारस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पुढाऱ्याचा फोन येतो. या दोन्हींच्या मध्ये तिसरं काही असतं, हे आपल्याकडे कुणी शिकवतच नाही. मलाही कुणी शिकवलं नव्हतं.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते तुला या पत्रात चार वेळा ऐकावं लागेल. डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच लिही.

गंमत अशी की तू पाहिलेलं आहेस. मसुद्यासोबत मला जे खाजगी पत्र लिहिलंस, त्याच्या दुसऱ्या पानावर विहिरींची हकीकत आहे. पोरीने तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आपल्याच गावातल्या बारा विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबरपासून मेपर्यंत दर पंधरवड्याला मोजली. पहिल्या फेरीनंतर टेपचं टोक तुटलं आणि घरात कुणीतरी वजन पुन्हा बांधून दिलं. पाचव्या फेरीत तिने कठड्यावरच्या खुणेपासून पहिल्या पायरीपर्यंतचं अंतर सहज मोजलं, तर ते पहिल्या नोंदीपेक्षा वीस सेंटिमीटरने जास्त भरलं. पायरी काही खाली सरकत नाही. म्हणजे टेपच वीस सेंटिमीटरने आखूड झाला होता आणि मधल्या तीन फेऱ्यांचे छत्तीस आकडे चुकले होते. तुला पत्ताही नव्हता. ती स्वतः आली, तुझ्यापुढे वही ठेवली, आणि जुना एकही आकडा न खोडता शेजारी लाल शाईने दुरुस्ती केली.

लेका, हे तू मला लिहिलंस आणि त्यांना लिहिलं नाहीस! त्यांना ‘प्रामाणिक’ एवढाच शब्द पाठवलास. कामून? तर म्हणे, टेपची गोष्ट फार किरकोळ वाटली.

किरकोळच्या बाबतीत मी स्वतः पोळलेला माणूस आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक मुलगा होता, गुण बावन्न टक्के. बाहेरच्या एका संस्थेत त्याला पुढचं शिकायचं होतं. मी त्याला ‘कुशाग्र बुद्धीचा, संशोधनवृत्तीचा’ असं भरघोस पत्र दिलं. त्याच वर्षी, त्याच संस्थेसाठी आणखी एकाला दिलं आणि आळसापायी दोन्हींत तीच वाक्यं ठेवली. मुलाखतीत त्याला विचारलं, तुमचे सर म्हणतात तुम्ही संशोधक वृत्तीचे, कोणतं संशोधन केलं? पोरगं गप्प. मग दोन्ही पत्रं त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. तो परत आला तेव्हा रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, ‘सर, तुम्ही माझं काहीच लिहिलं नव्हतं.’

त्याचं लिहिण्यासारखं काय होतं माहीत आहे? टंचाईच्या वर्षी वसतिगृहाची मेस त्याने चालवली. टँकरच्या पाण्यापासून तेलाच्या डब्यापर्यंत रोजचा हिशेब स्वच्छ अक्षरात भिंतीवर डकवायचा. शेवटी पैसे उरले ते वाटून परत दिले आणि सह्या घेतल्या. मी त्याच मेसमध्ये जेवत होतो, भिंतीवरचा कागद रोज पाहत होतो. पदवीशी मेसचा काय संबंध, असं वाटून गाळलं. पाहिलेलं गाळलं आणि न पाहिलेलं लिहिलं. त्यानंतर मी कुणालाही ठरावीक पत्र दिलं नाही. वजनदार माणसाच्या पुतण्याला नाही म्हणालो, तेव्हा स्टाफरूममध्ये मला विक्षिप्त ठरवलं गेलं. त्या पुतण्याला मी दोन वर्षांत चार वेळा पाहिला होता, काय लिहिणार होतो? आजही तेच करेन. असो, हे माझं पुराण झालं.

आता ‘गुण कमी असले तरी’. हा ‘तरी’ खोड. गुणपत्रिका अर्जासोबत जातेच, वाचणाऱ्याच्या हातात ती तुझ्या पत्राआधी असते. तू ‘तरी’ लिहिलंस की माफी मागितल्यासारखं होतं आणि तो मनात म्हणतो, सरांनाही खटकतंय. गुण लपवायचे नाहीत आणि त्यांची रदबदलीही करायची नाही. त्यांच्याबद्दल तुला काही जास्तीचं माहीत असेल तरच बोलायचं.

आणि इथे आहे. तू पाठवलेले आकडे मी ओळीने मांडले. पहिलं सत्र एक्कावन्न टक्के, दुसरं एकसष्ट, तिसरं एकोणपन्नास, चौथं त्रेसष्ट, पाचवं बावन्न. सरासरी पंचावन्नच्या आसपास, म्हणजे चारचौघांसारखी. पण विषम सत्रं सगळी खाली आणि सम सत्रं वर, हे तुला दिसलं नाही? विषम सत्राची परीक्षा हिवाळ्यात, म्हणजे आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर गेलेले असतात तेव्हा. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या वस्त्यांवर मागे आजी आणि धाकटी भावंडं उरतात, आणि घर या पोरीवर पडतं. आईबाप परतले की उन्हाळ्याच्या परीक्षेत तिचे दहा ते चौदा टक्के वाढतात. हे दोन्ही वेळा झालंय. ‘हलाखीची परिस्थिती’ या दोन शब्दांत यातलं काही येत नाही. हलाखी अर्जांच्या ढिगात शेकड्यांनी असते. ही चढउतार मात्र तिची एकटीची आहे, आणि वाचणारा ती गुणपत्रिकेवर स्वतः ताडून पाहू शकतो.

फक्त एक पथ्य पाळ. ऊसतोडीचं तिला विचारल्याशिवाय लिहू नकोस. घरचं आहे, तिचं आहे. काही मुलांना ते कागदावर नको असतं आणि तो त्यांचा हक्क आहे. तिने हो म्हटलं तरी ‘तिने मला सांगितलं’ असंच लिही, कारण फड तू पाहिलेला नाहीस. गुणांची चढउतार पाहिलीस. नाही म्हणाली तर नुसती चढउतार दाखवून थांब.

मी असं लिहिलं असतं:

‘मी या विद्यार्थिनीला तीन वर्षं भूगोल शिकवला असून तिच्या प्रकल्पाचा मार्गदर्शक आहे. लेखी परीक्षेत ती माझ्या वर्गात मधल्या फळीत आहे. सिद्धान्तावरचं दीर्घ उत्तर तिला वेळेत बांधता येत नाही. क्षेत्रकामाच्या नोंदींत मात्र मी तपासलेल्या शंभरावर प्रकल्पवह्यांपैकी तिची वही पहिल्या पाचांत ठेवीन.’

यापुढे विहिरींचा परिच्छेद, टेपसकट. मग चढउतार. मग तुमच्या अभ्यासक्रमात तिला सुरुवातीला लेखनासाठी मदत लागेल, गावात जाऊन आकडे आणण्यासाठी लागणार नाही. संपलं. एक पान.

बघ, ‘मधल्या फळीत’ लिहायला तुझा हात कचरेल. पण त्या एका वाक्यामुळेच ‘पहिल्या पाचांत’ खरं वाटतं. फॉर्ममध्ये चौकटी असतील, पहिल्या पाच टक्क्यांत, दहा, पंचवीस, सरासरी. सगळीकडे वरच्या चौकटीत खूण केलीस तर गुणपत्रिका तुला खोटं पाडेल आणि मग विहिरीही खोट्या ठरतील. शैक्षणिक कामगिरीला ‘सरासरी’, सचोटीला सर्वांत वर. नेतृत्वगुण पाहिलेच नसशील तर ‘सांगता येत नाही’ची चौकट कशासाठी दिली आहे?

‘नियमित’ लिहू नकोस, कारण डिसेंबर ते मार्च ती नियमित नव्हती. ‘होतकरू’ काढ. होतकरू म्हणजे अजून काही झालेली नाही. तिने तर केलंय.

आणि ती तुझी मुख्य शंका, मी तासिका तत्त्वावरचा, माझ्या सहीला काय किंमत, प्राचार्यांचं पत्र घ्यावं का? प्राचार्यांनी ती वही पाहिली आहे का? नाही ना. मग त्यांच्या लेटरहेडवर काय येईल, तर तुझ्या मसुद्यातली चार वाक्यं. पद काय ते खरं लिही, किती वर्षं आणि कोणत्या नात्याने ओळखतोस ते लिही. वाचणाऱ्याला जवळून पाहिलेला माणूस हवा असतो. मोठ्या हुद्द्यासाठी तो थांबलेला नसतो.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे चुकूनही करू नकोस. वीस-एकवीस वर्षांची पोर स्वतःबद्दल काय लिहिणार? लाल शाईचं तर ती कधीच लिहिणार नाही, तिच्या लेखी ती चूक आहे. तिच्याकडून गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची माहिती, अर्जातलं तिचं स्वतःचं निवेदन आणि शेवटची तारीख घे. इंग्रजीची धास्ती असेल तर आधी मराठीत लिही, मग छोट्या छोट्या वाक्यांत उतरव. ‘हार्डवर्किंग अँड सिन्सिअर’ दिसलं तर मी कागद परत पाठवीन.

मेलवर लिंक आली असेल तर पत्र तूच भर. तिच्या हाती देऊ नकोस, गोपनीय मागितलंय ते गोपनीयच जाऊ दे. पण मुलगी विचारेल, सर काय लिहिलं? तेव्हा सांग की परीक्षेत मधली लिहिली आणि विहिरींत वरची. तिला ते आधीच माहीत आहे.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. तब्येत बरी आहे, गुडघा सोडून.

तुझा,
सर

ता. क. बारापैकी सात नंबरच्या विहिरीची पातळी मार्चमध्ये वर गेल्याचं तू लिहिलंस. शेजारी कुणी कॅनॉलचं पाणी घेतलं की पुन्हा टेप? तिला विचार. तिने कारण शोधलं असेल तर तेही एक वाक्य पत्रात जाऊ दे.