डावखुऱ्या मुलीची वही कशी ठेवावी?

प्रश्न: मुलगी पहिलीत आहे, डावखुरी. मनगट वाकवून लिहिते, हात दुखतो म्हणते आणि लिहिलेलं पुसलं जातं. काय करू?

उत्तर: आधी वही बघा, बोटं नंतर. सरळ, छातीसमोर ठेवलेल्या वहीत डावा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून सरकतो. ती दिसावीत म्हणून मूल मनगट वरून वळवतं. वही थोडी डावीकडे सरकवा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने साधारण ३० अंश फिरवा, म्हणजे वरचा डावा कोपरा उंच जाईल. हात ओळीच्या खाली राहिला, मनगट सरळ दिसलं की जमलं. उजवा हात वही धरायला.

बडोद्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या बाकावर मी रंगीत टेपने ही तिरकी रेघच चिकटवली होती. पेन्सिल तो अगदी टोकाशी धरायचा. टोकापासून ३ सेंटीमीटरवर रबरबँड गुंडाळला, बोटं त्याच्या मागे. मऊ, टूबी पेन्सिल दिली, म्हणजे दाबावं लागत नाही.

त्याचं गुजराती सुधारलं, मराठी मात्र अडलं! कारण शिरोरेघ, गुजरातीत ती नसते. डाव्या हाताला ती डावीकडून उजवीकडे ढकलावी लागते, टोक कागदात रुततं. उजवीकडून डावीकडे ओढू द्या, बिघडत काही नाही.

बाईंना एवढं सांगा: बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी टक्कर होते. कित्त्यातला नमुना उजवीकडेही लिहून द्या, डावीकडचा हाताखाली झाकतो.