फोटोतलं भाषण, त्याचं सार कसं काढायचं? तुमचे प्रश्न

“लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकातलं डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण मोबाईलवर फोटो काढून आणलंय. मुख्य मुद्दे कसे काढू? सगळंच महत्त्वाचं वाटतं.” (शिक्षिका, अमळनेर)

ताई, आधी फोटो तपासा, बाकी नंतर. पुस्तकाच्या मधल्या घडीत ओळीचे शेवटचे शब्द सावलीत जातात आणि मराठीत वाक्याच्या शेवटी येणारं ‘नाही’ कधी नेमकं तिथेच असतं, ते गेलं की वाक्य उलटं होतं. असा फोटो परत काढा, अंदाजाने भरू नका. मग प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलने एकच लिहा, हे म्हणणं कोणाचं? बाबासाहेब या भाषणात कम्युनिस्ट आणि सोशालिस्ट पक्षांचे आक्षेप आधी मांडतात आणि मग खोडतात, त्यामुळे घाईत वाचलं तर विरोधकाचा मुद्दा त्यांच्या नावावर जातो. एवढं गाळलं की शेवटाकडचे तीन इशारे आपोआप वर येतात: मागण्या घटनात्मक मार्गानेच करा, कितीही मोठा माणूस असो आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका, आणि नुसत्या राजकीय लोकशाहीवर थांबू नका, ती सामाजिक लोकशाही करा. संविधान कितीही चांगलं असलं तरी ते राबवणारे वाईट निघाले तर तेही वाईटच ठरेल, हेही घ्याच. पाच-सहा वाक्यांत बसतं सगळं.

“लक्षात राहणारी वाक्यं निवडताना काय चुकतं?” (कॉलेज विद्यार्थी, धुळे)

माझंच ऐक. एका कार्यक्रमात मी याच भाषणातलं कृतज्ञतेवरचं वाक्य बाबासाहेबांचं म्हणून झोकात वाचलं, टाळ्यापण पडल्या, घरी येऊन पान बघतो तर ते आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेलचं! बाबासाहेबांनी नाव घेऊनच सांगितलंय, मीच वरची ओळ वाचली नव्हती. स्वातंत्र्य पायाशी न वाहण्याचा इशारासुद्धा ते इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलच्या नावाने देतात. म्हणून वाक्य उचलताना वरच्या दोन ओळी वाचायच्याच. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते हे मात्र त्यांचं स्वतःचं. अजून एक, मूळ भाषण इंग्रजीत आहे, तुझ्याकडे मराठी पुस्तक असेल तर शब्द अनुवादकाचे, तसं शेजारी लिही. अन् ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द जोडून घे, पण शब्द सुधारू नको.

“ऐकणारे कोण हे कसं ठरवायचं? वर तर फक्त ‘महोदय’ आहे.” (वाचक, शिरपूर)

‘महोदय’ म्हणजे संविधान सभेचे अध्यक्ष, तो सभागृहाचा रिवाज झाला दादा. खरा श्रोता कळतो तो उत्तरं कुणाला दिलीयत त्यावरून. पहिल्या भागात सभासद आणि टीकाकार समोर आहेत. शेवटी मात्र २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरणार, राजकारणात समता आणि समाजात, अर्थव्यवहारात विषमता, असं म्हणताना ‘आपण’ येतं, आणि त्या ‘आपण’मध्ये अख्खा देश येतो. सारात दोन्ही श्रोते वेगवेगळे लिहा. कंसात ‘टाळ्या’ वगैरे छापलेलं दिसलं तर ती नोंद लिहून घेणाऱ्याची, भाषणात मोजू नका.